बूथचा आकडा आणि मतदाराचं मत: सीमाभागातल्या निकालांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बूथनिहाय आकड्यांचे तक्ते फिरू लागतात आणि त्यावरून ‘मराठी माणसाने कुणाला मत दिलं’, ‘कन्नड मतं कुठे गेली’ अशी ठाम विधानं होतात. गटाचा आकडा पाहून गटातल्या माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. खालच्या उदाहरणांतले बूथचे आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. ते कोणत्याही गावाचे किंवा निवडणुकीचे नाहीत.

बूथवर मराठी मतदार जितके जास्त, तितकी उमेदवार ‘क्ष’ला मतं जास्त. मग मराठी मतदारांनी क्षला मत दिलं हे उघड नाही का?

नाही. बूथच्या तक्त्यात दोन बेरजा असतात: मराठी मतदार किती आणि क्षला मतं किती. त्या मतांपैकी मराठी मतदारांची किती, हा तिसरा आकडा कुठेही नोंदलेला नसतो, कारण मतदान गुप्त आहे. आपण तो दोन बेरजांवरून मनानेच भरतो आणि भरलाय हे आपल्या लक्षातही येत नाही.

तीन बूथ घेऊ. प्रत्येक ठिकाणी १००० मतं पडली.

| बूथ | मराठी मतदार | कन्नड मतदार | क्षला एकूण मतं |
|---|---|---|---|
| पहिला | २०० | ८०० | २८० |
| दुसरा | ५०० | ५०० | ४०० |
| तिसरा | ८०० | २०० | ५२० |

मराठी मतदार २०० वरून ८०० वर गेले आणि क्षची मतं २८० वरून ५२० वर गेली. तक्ता इथवरच मिळतो. आता मतपेटीच्या आत डोकावता आलं असतं, तर पुढचं चित्र दिसणं पूर्ण शक्य होतं:

| बूथ | क्षला मराठी मतं | क्षला कन्नड मतं |
|---|---|---|
| पहिला | २०० पैकी ४० (२० टक्के) | ८०० पैकी २४० (३० टक्के) |
| दुसरा | ५०० पैकी १७५ (३५ टक्के) | ५०० पैकी २२५ (४५ टक्के) |
| तिसरा | ८०० पैकी ४०० (५० टक्के) | २०० पैकी १२० (६० टक्के) |

बेरजा करून पाहा: ४० आणि २४० मिळून २८०, १७५ आणि २२५ मिळून ४००, ४०० आणि १२० मिळून ५२०. वरचा तक्ता तंतोतंत जुळतो. तरीही प्रत्येक बूथमध्ये क्षला कन्नड मतदारांनी मराठी मतदारांपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त पसंती दिली आहे. तिन्ही बूथ मिळून क्षला १५०० पैकी ६१५ मराठी मतं, म्हणजे ४१ टक्के, आणि १५०० पैकी ५८५ कन्नड मतं, म्हणजे ३९ टक्के. दोन्ही जवळजवळ सारखीच, आणि तरी तक्ता बघणारा माणूस ‘मराठी गठ्ठा क्षच्या मागे’ असंच म्हणेल.

हे आकडे मुद्दाम जुळवलेले आहेत. प्रत्यक्षात असं कशामुळे होईल?

मुद्दाम जुळवले आहेत हे खरं. पण ज्या कारणाने ते जुळतात ते कारण आपल्या भागात खरोखर आहे. तिसऱ्या बूथवर मराठी आणि कन्नड, दोघांचाही क्षकडे कल जास्त आहे. पहिल्या बूथवर दोघांचाही कमी. म्हणजे मत ठरतंय ते गावावरून. आणि गाव कुठे आहे यावरून तिथे मराठी किती हेही ठरतं.

खानापूर तालुका डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस, जंगल, भातशेती आणि बहुतांश मराठी वस्ती. पूर्वेला इटगी-पारिश्वाडकडे पाऊस कमी, जमीन वेगळी, पिकं वेगळी आणि कन्नड वस्ती जास्त. क्षने प्रचारात जंगलातले रस्ते आणि जनावरांकडून होणाऱ्या पीकनुकसानीची भरपाई हाच विषय लावून धरला, असं समजा. पश्चिमेकडच्या गावांत तो सगळ्यांनाच पटेल, तिथल्या मोजक्या कन्नड घरांनाही. पूर्वेकडे तो दोन्ही भाषांच्या मतदारांना दूरचा वाटेल. तक्त्यावर मात्र भाषेचा आणि मताचा संबंध उठून दिसेल, कारण रस्ता, पाऊस आणि भाषा एकाच दिशेने बदलतात.

दुसरं कारण शेजाराचं. गावात एकाच भाषेचे लोक बहुसंख्य असतील तर अल्पसंख्य मतदार बहुमताबरोबर जातो किंवा मुद्दाम विरुद्ध जातो. दोन्ही घडू शकतं, आणि बेरजेतून कोणतं घडलं ते कळत नाही.

याला ‘इकॉलॉजिकल’ का म्हणतात? पर्यावरणाशी काही संबंध?

काही नाही. १९५० च्या सुमाराच्या समाजशास्त्रात प्रांत, वॉर्ड, जिल्हा अशा भूभागाच्या एकत्रित आकड्यांना तो शब्द वापरत. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हा दोष आकड्यांत दाखवला, आणि ‘फॅलसी’ हे नाव पुढे १९५८ साली हॅनन सेल्विन यांनी दिलं.

रॉबिन्सन यांची दोन उदाहरणं आहेत. पहिल्यात त्यांनी कृष्णवर्णीय असणं आणि निरक्षर असणं यांचा सहसंबंध तीन पातळ्यांवर काढला. सहसंबंध शून्य म्हणजे नातं नाही, एक म्हणजे पूर्ण नातं. देशाचे नऊ मोठे विभाग घेतले तर तो ०.९४६ आला, राज्यं घेतली तर ०.७७३, आणि माणूस माणूस घेतला तर फक्त ०.२०३. लोक तेच आणि जनगणनाही तीच. फक्त गट मोठे होत गेले तसं नातं फुगत गेलं. म्हणून ‘बूथवर गोंधळ होतो, तालुक्याचा आकडा घेऊ, तो स्थिर असतो’ हा आपल्याकडचा सल्ला उलटा आहे. गट मोठा केला की आतल्या माणसांमधला फरक बेरजेत बुडतो आणि उरलेलं नातं आणखी ठळक दिसतं.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण ज्या राज्यांत जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. राज्यांचा सहसंबंध उणे ०.५२६. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? माणसांच्या पातळीवर तो अधिक ०.११८ निघाला. स्थलांतरितांत निरक्षरता थोडी जास्तच होती. ते जाऊन राहिले होते ते मूळ रहिवासी चांगले शिकलेले असलेल्या राज्यांत, आणि राज्याच्या आकड्यावर छाप पडली ती त्या मूळ रहिवाशांची. इथे नातं नुसतं फुगलं नाही, त्याचं चिन्हच उलटलं.

एक्सेलमध्ये सगळ्या बूथांचे बिंदू मांडून सरळ रेषा काढली तर उत्तर मिळत नाही का?

ही लिओ गुडमन यांची १९५३ ची पद्धत. आडव्या अक्षावर मराठी मतदारांचं प्रमाण, उभ्यावर क्षच्या मतांचं. रेषा शून्य टक्के मराठीपाशी जिथे पोचते तो कन्नड मतदारांचा अंदाज, शंभर टक्के मराठीपाशी जिथे पोचते तो मराठी मतदारांचा. वरच्या तीन बूथांना लावली तर रेषा सांगते: मराठीत ६० टक्के, कन्नडमध्ये २० टक्के. प्रत्यक्षात होते ४१ आणि ३९.

तिन्ही बिंदू रेषेवर बरोब्बर बसतात, म्हणून उत्तर पक्कं वाटतं. पण रेषा किती छान बसली याचा आणि उत्तर बरोबर असण्याचा इथे काहीच संबंध नाही. ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: मराठी मतदारांचा क्षकडे कल प्रत्येक बूथवर सारखाच, आणि कन्नड मतदारांचाही सारखाच, म्हणजे निदान मराठी वस्तीच्या प्रमाणाबरोबर तो बदलत नाही. आपल्या उदाहरणात तो २०, ३५, ५० असा बदलतो, आणि अगदी मराठी वस्तीच्या प्रमाणाबरोबरच बदलतो. रेषेने तो सगळा बदल भाषेच्या नावावर जमा केला.

हे गृहीतक मोडलंय हे कधी कधी उत्तरच सांगून टाकतं. समजा ५० टक्के मराठी बूथवर क्षला ३० टक्के आणि ९० टक्के मराठी बूथवर ७० टक्के. रेषा मागे वाढवली की कन्नड मतदारांचा अंदाज उणे २० टक्के येतो. असलं उत्तर आलं की ते शून्य करून पुढे जाऊ नये. ते टाकून द्यावं. अडचण ही की वरच्या उदाहरणातल्यासारखं ६० आणि २० असं सभ्य उत्तर आलं तर चुकीची काहीच खूण दिसत नाही.

मग बूथच्या आकड्यांवरून खात्रीने काहीच सांगता येत नाही?

येतं: मर्यादा. हा हिशेब ओटिस डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी त्याच १९५३ साली मांडला, आणि यात कसलंही गृहीतक नाही, फक्त वजाबाकी आहे. तिसरा बूथ घ्या. क्षला ५२० मतं, कन्नड मतदार २००. सगळ्याच्या सगळ्या २०० कन्नड मतदारांनी क्षला मत दिलं असं धरलं तरी ३२० मतं मराठीच हवीत. उलट एकाही कन्नड मतदाराने दिलं नसेल तर ५२० सगळी मराठी. म्हणजे ८०० मराठी मतदारांपैकी ३२० ते ५२०, ४० ते ६५ टक्के. याच्या बाहेर उत्तर जाऊच शकत नाही.

एक्सेलमध्ये A2 मध्ये एकूण मतं, B2 मध्ये मराठी मतदार, C2 मध्ये क्षची मतं ठेवा:

```
किमान:  =MAX(0, C2-(A2-B2))
कमाल:   =MIN(B2, C2)
```

दुसऱ्या बूथवर हे ० ते ४०० येतं, पहिल्यावर ० ते २००, म्हणजे पहिल्या बूथबद्दल काहीच कळलं नाही. तिन्ही मिळवले तर १५०० मराठी मतदारांपैकी ३२० ते ११२०, साधारण २१ ते ७५ टक्के. रेषेचे ६० या पट्ट्यात आहेत आणि खरे ४१ देखील आहेत. पट्टा रुंद आहे, पण आकड्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच तो सांगतो. कुणी ठाम टक्केवारी देत असेल तर आधी हा पट्टा काढून पाहावा. उत्तर पट्ट्यात बसत असेल तर उरलेली सगळी ठामपणाची भर गृहीतकातून आली आहे, आकड्यांतून नाही.

ज्या बूथवर ९५ टक्के मराठी आहेत, तिथे तरी?

तिथे पट्टा खरोखर अरुंद होतो. १००० पैकी ९५० मराठी आणि क्षला ६००, तर मराठी मतं ५५० ते ६००, म्हणजे ५८ ते ६३ टक्के. त्या बूथबद्दल एवढं बिनधास्त म्हणता येईल.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘आपल्या एकजिनसी गावांत ६० टक्के, म्हणजे मतदारसंघातल्या मराठी मतदारांत ६० टक्के’ असं धरलं जातं. जवळपास सगळे मराठीच असलेल्या गावातला शेतकरी आणि शहापूर-वडगावच्या मिश्र विणकर गल्लीत राहणारा मराठी माणूस, दोघे एकाच प्रश्नावर मत देतात असं मानायला आधार लागतो, आणि तो आधार या तक्त्यात नाही.

मराठी मतदार किती, हा आकडा कुठून आणायचा?

इथेच बहुतेक हिशेब गडबडतात. मतदार यादीत नाव, वडील किंवा पतीचं नाव, वय, लिंग, घरक्रमांक असतो. मातृभाषेचा रकाना नसतो. म्हणून लोक आडनावावरून भाषा लावतात. पण पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावं आपल्याकडे दोन्ही भाषांच्या घरांत आहेत. यादीत ‘पाटील’ दिसलं की बेळगावच्या पश्चिमेकडचा माणूस त्याला मराठी धरतो, पूर्वेकडचा कन्नड. शिवाय उर्दू, कोकणी बोलणारी घरं असतात. ‘मराठी नाही म्हणजे कन्नड’ हेही चुकतं. वरच्या तक्त्यांत दोनच भाषा ठेवल्या त्या हिशेब सोपा व्हावा म्हणून.

आडनावाची चूक किती महाग पडते ते पाहा. वरच्या बूथवर ९५० मराठी धरले होते, ते प्रत्यक्षात ८८० निघाले, तर पट्टा ५५० ते ६०० ऐवजी ४८० ते ६०० होतो आणि टक्केवारी ५५ ते ६८. मर्यादांच्या हिशेबात गृहीतक नव्हतं, ते या आडनावांच्या वाटेने आत शिरलं. यादी गावातल्या दोन्ही भाषांच्या माणसांकडून वेगवेगळी तपासून घ्यावी, आणि ज्या नावांवर दोघांचं जुळत नाही ती तिसऱ्या, ‘अनिश्चित’ रकान्यात ठेवून पट्टा दोनदा काढावा: एकदा ती सगळी मराठी धरून, एकदा एकही मराठी न धरता.

फॉर्म २० वापरताना आणखी काय चुकतं?

बूथनिहाय मतं निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये मिळतात. पोस्टाची मतं त्यात शेवटी वेगळी असतात, ती कोणत्याही बूथला जोडू नयेत. मतदार जास्त झाले म्हणून जोडबूथ केला असेल तर यादीतला भाग आणि निकालातला बूथ जुळवताना एका ओळीने सगळं घसरतं. प्रत्येक ओळीत पडलेली मतं यादीतल्या मतदारांपेक्षा कमी आहेत ना, एवढं तपासलं तरी ही चूक बहुधा सापडते.

मोठी चूक मात्र वेगळी आहे. यादीत ८० टक्के मराठी म्हणजे मतदान केलेल्यांत ८० टक्के मराठी, असं नाही. समजा यादीत १४०० नावं, त्यांत ११२० मराठी, आणि मतं पडली १०००. मतदान केलेले मराठी ७२० ते १००० यांपैकी कितीही असू शकतात. क्षच्या ५२० मतांपैकी मराठी मतं मग किमान २४०. वर हाच आकडा ३२० होता. पुणे-मुंबईला किंवा गोव्याला कामाला गेलेल्यांची नावं यादीत तशीच असतात, त्यामुळे ही तफावत काल्पनिक नाही.

सर्व्हे केला तर प्रश्न सुटेल?

माणसाबद्दलचा प्रश्न माणसालाच विचारून सुटतो, म्हणून दिशा बरोबर आहे. पण संख्या पाहून घ्या. नीट, चिठ्ठी टाकून निवडलेल्या १०० माणसांच्या टक्केवारीत सुमारे १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. ४०० माणसांत सुमारे ५. दोन गटांतला फरक हवा असेल तर चूक आणखी वाढते: दोन्हीकडे १०० असतील तर सुमारे १४, दोन्हीकडे ४०० असतील तर सुमारे ७. आपल्या उदाहरणातला दहा टक्क्यांचा फरक शंभर-शंभर माणसांत दिसणारच नाही.

निवड यादीतून करावी: सुरुवातीचा क्रमांक चिठ्ठीने काढायचा आणि तिथून प्रत्येक दहावं नाव. माणूस घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून जागा भरायची नाही, परत जायचं. उत्तर चिठ्ठीवर लिहून बंद डब्यात टाकायला द्यावं. भाषेचा प्रश्न तीन भागांत विचारावा: घरात कोणती बोलता, शाळा कोणत्या माध्यमात झाली, स्वतःची कोणती मानता. आपल्याकडे या तिन्हींची उत्तरं एकाच माणसाची वेगवेगळी येतात आणि कोणतं धरलं यावर निष्कर्ष बदलतो.

मग सर्व्हे आणि मर्यादा समोरासमोर ठेवा. तिसऱ्या बूथवर सर्व्हेत ७५ टक्के मराठी मतदार क्षचे निघाले आणि मर्यादा म्हणते ६५ च्या वर जाऊच शकत नाही, तर निवड चुकली आहे, लोकांनी खरं सांगितलेलं नाही किंवा माणसं कमी पडली आहेत. ही तपासणी फुकट आहे आणि फार उपयोगी पडते.

गॅरी किंग यांची पद्धत हे सगळं आपोआप करते असं ऐकलंय.

त्यांनी १९९७ साली मर्यादा आणि रेषा एकत्र आणल्या, त्यामुळे उणे २० टक्क्यांसारखी उत्तरं येत नाहीत. आर या संगणकाच्या भाषेत `ei` नावाचं पॅकेज आहे. पण कल आणि वस्तीचं प्रमाण एकत्र बदलत असतील, म्हणजे नेमकं आपल्या तीन बूथांसारखं असेल, तर मूळ रूपातली ही पद्धतही फसते. गावागावांतला फरक सांगणारी माहिती, जसं अंतर, पाऊस, सिंचन, हिशेबात घातली तर सुधारणा होऊ शकते. ती पुरेशी झाली की नाही ते मात्र बूथच्या आकड्यांवरून तपासता येत नाही.

मग बातमीत किंवा भाषणात लिहायचं काय?

जे मोजलं ते लिहा. ‘मराठी मतदारांनी क्षला कौल दिला’ याऐवजी ‘ज्या बूथांवर मराठी मतदार जास्त, तिथे क्षला मतंही जास्त’. हे दुसरं वाक्य खरं आहे आणि कामाचंही आहे: कोणत्या गावांत सभा घ्यायची, कुठे कार्यकर्ते कमी पडले, हे प्रश्न गावाबद्दलचेच आहेत आणि गावाचा आकडा त्यांना पुरतो. ‘अमुक गल्लीने दगा दिला’ हे मात्र गल्लीतल्या प्रत्येक घरावर ठेवलेलं बोट असतं. क्षला त्या बूथवर २८० मतं असतील तर ती देणारी २८० माणसं त्याच गल्ल्यांत राहतात, आणि ती कोणती हे तक्ता सांगत नाही.

याला एकच अपवाद आहे. बूथवर क्षला शून्य मतं पडली किंवा सगळीच्या सगळी पडली, तर वरचा किमान आणि कमाल आकडा एकच येतो, आणि तिथे प्रत्येकाचं मत उघडं पडतं. लहान बूथवर हा धोका खरा आहे. अनेक बूथांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडला होता, तो बूथनिहाय कल उघडा पडू नये म्हणून.